प्रदोष कधी धरायचा आणि सोमप्रदोष का म्हणायचे?

आज आम्ही बोलणार आहोत ते प्रदोषाबद्दल. पूजा कशी करायची हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आमचा विषय एवढाच, की प्रदोषाचा दिवस ठरतो कसा, आणि त्याला कधी सोमप्रदोष, कधी भौमप्रदोष, कधी शनिप्रदोष असे का म्हणतात.

हा विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. २०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. कापूस वेचणी जोरात चालली होती. आमच्या गटातल्या एक काकू बरीच वर्षे प्रदोष धरतात. सोमवारी, १७ नोव्हेंबरला त्यांनी उपवास केला, तिन्हीसांजेला महादेवाची पूजा केली आणि मग जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण म्हणाली, "अहो काकू, तेरस तर आज आहे." काकूंनी कॅलेंडर पाहिले. १७ च्या चौकटीत त्रयोदशी आणि १८ च्या चौकटीतही त्रयोदशीच! व्रत चुकायला नको म्हणून त्यांनी मंगळवारीही उपवास धरला आणि तशाच वेचणीला गेल्या. दुपारी उन्हात घेरी आली. सोबतच्या बायांनी बांधावर आणून बसवले, पाणी पाजले. बैठकीत काकूंनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही दिवशी त्रयोदशी छापली आहे, मग खरा प्रदोष कुठला?"

उत्तर आहे, सोमवार १७ नोव्हेंबरचा. काकूंचा पहिला उपवासच बरोबर होता, दुसऱ्याची गरज नव्हती. असे का, ते आता पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. प्रदोष म्हटले की आपल्याला दोष, पाप, असे काहीतरी वाटते. पण संस्कृतात 'दोषा' म्हणजे रात्र, आणि प्रदोष म्हणजे रात्रीचा आरंभ. आपण ज्याला दिवेलागण म्हणतो तीच वेळ. शास्त्राप्रमाणे सूर्य मावळल्यापासून तीन मुहूर्त, म्हणजे साधारण दोन तास चोवीस मिनिटे, हा प्रदोषकाळ धरतात. म्हणजे हे व्रत मुळात दिवसाचे नाही, संध्याकाळचे आहे. दिवसभराचा उपवास हा त्या संध्याकाळच्या पूजेची तयारी आहे. म्हणून नियमही संध्याकाळचाच आहे. ज्या दिवशी सूर्य मावळताना त्रयोदशी चालू असते, त्या दिवशी प्रदोष. शुद्ध पक्षात एक आणि वद्य पक्षात एक, असे महिन्याला दोन प्रदोष येतात.

मग घोटाळा कुठे होतो? कॅलेंडरच्या चौकटीत जी तिथी छापतात ती सूर्योदयाची असते. सकाळी सूर्य उगवताना जी तिथी असेल तीच त्या तारखेची तिथी म्हणून लिहितात. पण तिथी काही सूर्याबरोबर उगवत नाही आणि मावळतही नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, मग घड्याळात सकाळ असो, दुपार असो की मध्यरात्र असो. शिवाय चंद्राची चाल सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असला की भरभर चालतो आणि तिथी लवकर संपते. दूर असला की रेंगाळतो आणि तिथी लांबते. त्यामुळे तिथी कधी एकोणीस-वीस तासांची होते, तर कधी सव्वीस तासांहून मोठी.

आता काकूंच्या दोन चौकटी पाहू. रविवारची रात्र सरत आली असताना, पहाटे पावणेपाचच्या सुमारास त्रयोदशी लागली. सोमवारी सूर्य उगवला तेव्हा ती होतीच. सोमवारी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हाही होती. ही तिथी लांबलेली होती, सव्वीस तासांहून थोडी जास्त. म्हणून मंगळवारी सकाळी सात वाजून गेल्यावर, बारा-एक मिनिटांनी ती संपली. तोपर्यंत सूर्य उगवून गेला होता. सूर्योदयाला त्रयोदशी सापडली म्हणून मंगळवारच्या चौकटीतही त्रयोदशीच छापली गेली. याला तिथीची वृद्धी म्हणतात. पण मंगळवारी संध्याकाळी दिवे लावले तेव्हा चतुर्दशी लागून दहा तास होऊन गेले होते. एका त्रयोदशीला सूर्योदय दोन मिळाले, सूर्यास्त मात्र एकच मिळाला, आणि तो सोमवारचा.

याच्या उलटही होते, आणि ते तुम्ही सगळ्यांनी त्याच्या महिनाभर आधी पाहिले आहे. २०२५ ची धनत्रयोदशी आठवा. धन्याची पूजा आणि यमासाठी दिवा आपण शनिवारी, १८ ऑक्टोबरला लावला. पण त्या दिवशीच्या चौकटीत तिथी होती द्वादशी. त्रयोदशी छापली होती ती रविवारी, १९ तारखेला. असे का? द्वादशी शनिवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास संपली आणि त्रयोदशी लागली. शनिवारच्या तिन्हीसांजेला त्रयोदशी होती. रविवारी दुपारी दोनच्या आत ती संपूनही गेली. धनत्रयोदशीचा दिवाही दिवेलागणीचाच, म्हणून तोच नियम. त्याच संध्याकाळी शनिप्रदोषही होता. ज्यांनी फक्त चौकटीतला आकडा पाहून रविवारी प्रदोष धरला, त्यांची पूजा चतुर्दशीत झाली.

यातून एक सोपी रीत निघते. त्रयोदशी शोधू नका, द्वादशी कधी संपते ते पाहा. कॅलेंडरच्या चौकटीत किंवा पंचांगात तिथीपुढे तिची समाप्तीची वेळ दिलेली असते. द्वादशी सूर्य मावळण्याच्या आत संपत असेल, तर त्याच दिवशी प्रदोष. द्वादशी रात्री उशिरा किंवा पहाटे संपत असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रदोष. वेळ वाचताना एक काळजी घ्या. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २४ च्या पुढे मोजतात. २८:४७ असे लिहिले असेल तर त्यातून २४ वजा करा. म्हणजे ती पहाटेची ४ वाजून ४७ मिनिटे झाली.

ही रीत बहुतेक वेळा पुरते. अडचण येते ती द्वादशी नेमकी दिवेलागणीच्या तासा-दोन तासांत संपते तेव्हा. अशा वेळी त्रयोदशी दोन्ही संध्याकाळींना थोडीथोडी शिवू शकते. मग प्रदोषकाळाचा जास्त भाग कुठल्या दिवशी मिळतो, ते पंचांगकर्ते तोलतात. त्यात गावाचाही फरक पडतो. तिथी लागते ती सगळीकडे एकाच क्षणी, पण नागपूरला सूर्य मुंबईच्या आधी सुमारे अर्धा तास मावळतो. म्हणून क्वचित दोन कॅलेंडरांत दोन तारखा दिसतात. अशा वेळी आपल्या घरी जे पंचांग चालते त्यात 'प्रदोष' हा शब्द ज्या तारखेला छापला असेल तीच धरावी. दोन्ही दिवस उपाशी राहू नये.

आता नावांकडे येऊ. प्रदोष ज्या वारी पडेल त्या वाराचे नाव त्याला मिळते. सोमवारी आला तर सोमप्रदोष, मंगळवारी भौमप्रदोष, शनिवारी शनिप्रदोष. सोम म्हणजे चंद्र, आणि तो तर महादेवाच्या माथ्यावरच आहे. भौम म्हणजे भूमीचा मुलगा, मंगळ. आपल्या कॅलेंडरांत बहुधा ही तीनच नावे वेगळी छापतात, बाकीच्या वारी नुसते 'प्रदोष' लिहितात. आपल्याकडे वार सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मोजतात, आणि घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते. पण दिवेलागण ही मध्यरात्रीच्या आधीच येते. म्हणून प्रदोषाच्या वेळी दोन्ही हिशेबांनी वार एकच असतो, त्यात वाद नाही.

मग दर वेळी वार का बदलतो? तिथी चंद्राची आणि वार सूर्योदयाचा, दोघांचा हिशेब वेगळा. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस धरले, तर एका प्रदोषापासून पुढचा प्रदोष पंधरा दिवसांना थोडा कमी पडतो. पण संध्याकाळ काही अर्धी मोजता येत नाही. म्हणून अंतर बहुधा चौदा किंवा पंधरा दिवसांचे येते, कधी सोळाचेही. चौदा म्हणजे बरोबर दोन आठवडे, म्हणून पुन्हा तोच वार. पंधरा झाले तर पुढचा वार. सोळा झाले तर मधला एक वार सुटतो.

काकूंच्या कॅलेंडरवर आम्ही हे बोट ठेवून मोजले. १८ ऑक्टोबर, शनिप्रदोष. तिथून सोळा दिवसांनी ३ नोव्हेंबर. रविवार सुटला आणि सोमप्रदोष आला. तिथून चौदा दिवसांनी १७ नोव्हेंबर, पुन्हा सोमप्रदोष. तिथून पंधरा दिवसांनी २ डिसेंबर, भौमप्रदोष. वर्षात साधारण चोवीस-पंचवीस प्रदोष येतात आणि ते सात वारांत वाटले जातात. म्हणून सोमप्रदोष वर्षाकाठी तीन-चारच हाती लागतात, आणि तेही असे लागोपाठ दोन येऊ शकतात.

प्रत्येक वाराची श्रद्धाही वेगळी आहे. शनिप्रदोष लेकराबाळांसाठी धरतात आणि भौमप्रदोष कर्ज फिटावे म्हणून. हे ऐकल्यावर बैठकीत एकजण म्हणाली, "मग २ डिसेंबरला आपण सगळ्याच धरू." त्यावर काकू म्हणाल्या, "धरा की, पण हप्ताही घेऊन या."

त्या दिवशी काकूंनी २ डिसेंबरची चौकटही वाचून दाखवली. मंगळवारी तिथी छापलेली द्वादशी, समाप्ती दुपारी चारच्या सुमारास. बुधवारी त्रयोदशी. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "द्वादशी दिवे लागायच्या आत संपली. म्हणजे मंगळवारीच. आणि बुधवारी मी जेवून वेचणीला जाणार."

तुमच्याही घरी भिंतीवर कॅलेंडर असेलच. पुढच्या द्वादशीची चौकट आज काढून पाहा.