फोटोतून कात्रण काढताना

वर्तमानपत्रातला एखादा लेख जपून ठेवायचा म्हणजे कात्री घ्यायची, रकान्याच्या रेघेवरून कापायचे आणि वहीत डकवायचे, ही पद्धत अजून कुठे कुठे टिकून आहे. पण वाचनालयातल्या अंकाला कात्री लावता येत नाही, आणि मित्राकडून मागून आणलेल्या पाठ्यपुस्तकाला तर नाहीच नाही. मग आपण काय करतो? खिशातला फोन काढतो, पानाचा फोटो घेतो आणि त्यातून हवा तेवढा लेख किंवा हवी तेवढी आकृती वेगळी काढतो. काम दिसायला सोपे. चौकट ओढली, बाहेरचे टाकून दिले, झालं! परंतु असे कात्रण पुष्कळदा तिरपे येते, शेजारच्या बातमीची अर्धी अक्षरे बरोबर घेऊन येते, आणि आकृती असली तर तिच्यातले वर्तुळ वर्तुळ राहत नाही. हे का होते व कसे टाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

एक उदाहरण धरून चालू. वर्तमानपत्राच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, तीन रकान्यांचा एक लेख आहे. पट्टीने मोजला तर तो १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच भरतो. ही दोन मापे कागदाच्या कोपऱ्यावर टिपून ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहेत.

पहिला प्रश्न असा की, फोटो साऱ्या पानाचा घ्यायचा की लेखाचाच? फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आपण ठिपकेच म्हणू. समजा, आपल्या फोनचा फोटो ३००० ठिपके रुंद आणि ४००० ठिपके उंच आहे. पान ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच असेल, तर ते सगळे फोटोत मावण्यासाठी एका सेंटिमीटरच्या वाट्याला सुमारे ७० ठिपके येतात. अनुस्वाराचा टिंब अर्ध्या मिलिमीटरएवढाही नसतो. त्याच्या वाट्याला जेमतेम तीन ठिपके. तेवढ्यात ‘वंश’ आणि ‘वश’ यांतला फरक कसा टिकणार? हाच फोन खाली आणून, लेख आणि भोवती दोन-दोन सेंटिमीटर जागा एवढेच चौकटीत घेतले, तर सेंटिमीटरला सुमारे १८० ठिपके मिळतात, म्हणजे अडीचपट. मागाहून चौकट कापून लेख पडद्याएवढा मोठा करता येतो, पण त्यात एकही नवा ठिपका खऱ्या अर्थाने येत नाही. अक्षर फुगते, स्पष्ट होत नाही. तेव्हा फोटो लेखाचाच घ्या. फक्त ती भोवतालची दोन सेंटिमीटर सोडू नका. सरळ करताना कडा थोड्या खर्ची पडतात, आणि अगदी कडेला चिकटून घेतलेल्या फोटोत खर्चायला काही उरत नाही. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागची छपाई पुढे उमटते. पानाखाली एक काळा कागद सरकवला की ती बरीच दबते.

आता सरळ करणे. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पान फोटोत वाकडे दिसते ते दोन प्रकारांनी, आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रकार साध्या तिरपेपणाचा. फोन कागदाला समांतर होता, पण हात जरा फिरला. रकान्यांच्या रेघा एकमेकींना समांतरच आहेत, फक्त साऱ्या एका बाजूला कलल्या आहेत. हा कल दोन अंशांचा असला तरी १८ सेंटिमीटर उंचीच्या लेखात वरचे टोक आणि खालचे टोक यांत सहा मिलिमीटरांहून अधिक सरक पडते. दोन लेखांमधली मोकळी जागा असते जेमतेम चार मिलिमीटर. म्हणजे सरळ चौकट ओढली की ती एका टोकाला आपल्या लेखाची अक्षरे कापणार, नाही तर दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याची अक्षरे आत घेणार. यातून सुटका नाही. म्हणून आधी सरळ करावे आणि मग कापावे, हा क्रम कधीही उलटा करू नये. साधा तिरपेपणा मात्र फोटो फिरवला की जातो. फिरवताना अक्षरांच्या शिरोरेषेकडे पाहू नका, ती लहान असते आणि फसवते. लेखाच्या कडेची लांब उभी रेघ धरा.

दुसरा प्रकार जास्त खोडसाळ आहे. फोन कागदाला समांतर नव्हता. त्याची एक बाजू कागदाच्या जवळ, दुसरी लांब होती. टेबलावर पडलेल्या पानाचा फोटो आपण खुर्चीवर बसून घेतो तेव्हा हेच होते. जवळची बाजू मोठी दिसते, लांबची लहान. रूळ दूरवर एकत्र येताना दिसतात, तसाच हा प्रकार. आपल्या उदाहरणात लेखाची खालची कड २२५० ठिपक्यांची आली आणि वरची २१०० ठिपक्यांची. कागदावर दोन्ही १२ सेंटिमीटरच आहेत! आता फोटो कितीही फिरवा. डावी कड उभी केली की उजवी कलते, आणि उजवी उभी केली की डावी. असे झाले की समजावे, हा तिरपेपणा नव्हे.

याला उपाय चार कोपऱ्यांचा. फोनमधल्या स्कॅन करण्याच्या सोयीत आणि फोटो दुरुस्तीच्या बहुतेक प्रोग्रामांत चार टोके असलेली एक चौकट मिळते आणि प्रत्येक टोक वेगवेगळे ओढता येते. ती चार टोके लेखाच्या चार कोपऱ्यांवर आणून ठेवायची. मग प्रोग्राम त्या वेड्यावाकड्या चौकोनाचा काटकोनी आयत करतो, आणि हे करताना वरच्या दाटलेल्या ओळी जास्त व खालच्या ओळी कमी ताणतो. इथे बहुतेकांची गफलत होते ती अशी की, यंत्र आपणहून जे कोपरे सुचवते तेच ते पत्करतात. यंत्र शोधते कागदाची कड. ती कड दुमडलेली किंवा फाटलेली असू शकते. आपल्याला कागद नको आहे, लेख हवा आहे; म्हणून कोपरे छापलेल्या रेघांवर ठेवा. एका कडेला रेघ नसेल, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीची सुरुवात जिथे होते ते दोन बिंदू धरा. मात्र परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवलेली असते, ती धरू नका.

आयत झाला. पण कोणत्या मापाचा? आपण टिपलेली मापे आता काढा. १२ आणि १८ म्हणजे रुंदीच्या दीडपट उंची. रुंदी २२०० ठिपके ठेवली, तर उंची ३३०० पाहिजे. काही प्रोग्राम कोपरे जुळवल्यावर ते चित्र मूळ फोटोच्याच तीनास चार या प्रमाणात बसवतात. मग उंची भरते सुमारे २९३३. सगळे काटकोन जिथल्या तिथे, रेघा सरळ, आणि तरीही चित्र खोटे! लेख वाचायला त्याने बिघडत नाही, अक्षरे थोडी बसकी दिसतात इतकेच. आकृतीचे मात्र तसे नाही. ४५ अंशांनी चढणारी रेघ अशा चित्रात साडेएकेचाळीस अंशांवर येते. विद्यार्थी कोनमापक लावतो, उत्तर जुळत नाही, आणि तो दोष स्वतःकडे घेतो. माझ्या वर्गात असे झालेले मी पाहिले आहे. तेव्हा रुंदी-उंचीचे प्रमाण हाताने टाकता येत असेल तर टाका. मापे घेतली नसतील तर आकृतीतलेच एखादे वर्तुळ शोधा आणि त्याचा आडवा व्यास उभ्या व्यासाशी ताडून पाहा. वर्तुळ नसेल, तर आलेखाच्या कागदावरचा एक चौरस चालतो.

पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पुस्तक शिवलेले असते आणि शिवणीकडे पान गोलाईने खाली उतरते. चार कोपऱ्यांची युक्ती कागद सपाट आहे असे मानून चालते. गोलाई असली की कोपरे बरोबर बसतात, पण मधली ओळ धनुष्यासारखी वाकलेली राहते. ओळखायची रीत सोपी आहे: सरळ झालेल्या चित्रात मधल्या ओळीला पडद्यावर पोस्टकार्डाची कड लावून पाहा. ओळ कडेपासून सुटली तर कोपरे पुन्हा पुन्हा ओढण्यात वेळ घालवू नका. फोटोच पुन्हा घ्या. दुसरी बाजू हाताने उचलून धरली म्हणजे हवे ते पान बरेच सपाट होते. त्यावर स्वच्छ काच ठेवली तर उत्तम. फक्त उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या, डोक्यावरच्या दिव्याचा नको, नाही तर काचेत दिवाच दिसेल. आणि कोपरे साऱ्या पानाचे न घेता आकृतीच्या जवळचे घ्या. लहान तुकड्यात गोलाईही लहान असते.

एवढे झाल्यावर कापण्याला फारसे काही उरत नाही. चौकट अक्षरांना चिकटवू नका. दोन-तीन मिलिमीटर पांढरी जागा राहू द्या. लेखाच्या पोटात जाहिरात घुसलेली असेल तर चौकट सगळ्या लेखाभोवतीच घ्या आणि जाहिरातीवर पांढरा रंग भरा. परिच्छेद उचलून एकमेकांना जोडू नका, कारण मग मूळ पानावर काय कुठे होते ते कळत नाही. आकृती कापताना तिच्याखालचा क्रमांक, नाव आणि कडेची अक्षरे आत आली की नाहीत ते मोजून पाहा. ‘कोन कखग’ असे पुस्तक म्हणत असेल आणि आपल्या आकृतीतून ‘ग’ कापला गेला असेल, तर ती आकृती मुकी झाली. नकाशा असेल तर मोजपट्टीची छापलेली रेघ आत पाहिजेच. ‘१ सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर’ हे नुसते शब्द चित्र लहान-मोठे केल्यावर खरे राहत नाहीत. रेघ मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते आणि खरी राहते.

कात्रीने कापलेल्या कात्रणावर आपले वडीलधारे पेनाने तारीख लिहीत असत. फोटोतल्या कात्रणाला ती गरज अधिकच आहे, कारण चौकटीने पानाचा माथाही कापून टाकलेला असतो. म्हणून त्याच बैठकीत पानाच्या माथ्याचा, म्हणजे वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पानाचा क्रमांक यांचा, एक वेगळा फोटो घ्या आणि कात्रणाच्या नावातच ती तारीख घाला. न कापलेला मूळ फोटो पुसू नका. शेवटची ओळ चुकून कापली गेल्याचे महिन्याने ध्यानात आले, तरी ती तिथे सापडते.