हॉटेल सोडले, पण कार्डावरची अनामत सुटली नाही

चामड्याच्या पाकिटांचा धंदा करणारे आमचे एक परिचित प्रदर्शनासाठी दिल्लीला गेले. कार्डाची मर्यादा साठ हजार. हॉटेलात उतरताना काउंटरवर अनामत म्हणून २०,००० रुपयांसाठी कार्ड घेतले गेले. निघताना बिल झाले १४,०००, तेही कार्डानेच चुकते केले. दुसऱ्या दिवशी ३०,००० चा माल घ्यायला गेले, तर कार्ड नाकारले गेले. त्यांच्या हिशेबाने ४६,००० शिल्लक हवे होते. प्रत्यक्षात होते २६,०००.

वीस हजार गेले कुठे? कुठेच नाही. ते अडकून पडले होते. उतरताना हॉटेल पैसे काढत नाही. बँकेकडून तेवढी रक्कम फक्त राखून ठेवते. याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. निघताना बिल याच राखीव रकमेतून वळते करायचे असते, म्हणजे उरलेले सहा हजार मोकळे होतात. पण काउंटरवरच्या माणसाने कार्ड नव्याने फिरवून वेगळे बिल वसूल केले. जुनी अनामत रद्द करायची राहून गेली.

अशी रक्कम बँकेच्या मासिक विवरणात दिसत नाही, कारण तो व्यवहार पूर्ण झालेलाच नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: येणे रक्कम आणि शिल्लक मर्यादा यांची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा कमी भरली, की काहीतरी अडकले आहे असे समजावे.

आता उपाय. बँकेला नुसते ‘सोडा’ म्हणून भागत नाही, कारण हॉटेल ती रक्कम अजून मागू शकते. म्हणून आधी हॉटेलच्या हिशेब विभागाला लेखी कळवावे. त्यात मुक्कामाच्या तारखा, अनामतीची रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि उतरतानाच्या स्लिपवरचा ऑथरायझेशन कोड द्यावा. पूर्ण कार्ड नंबर कधीही लिहू नये. हॉटेलने मशीनवरून किंवा आपल्या बँकेमार्फत अनामत रद्द करावी आणि तसे पत्र द्यावे. ते पत्र, तोच कोड आणि बिलाची पावती आपल्या बँकेला दिली, की बँकेला ती नोंद शोधून मोकळी करता येते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

कोणीच काही केले नाही, तरी मुदत संपल्यावर अनामत आपोआप सुटते. पण हॉटेल व भाड्याच्या गाडीच्या बाबतीत ही मुदत महिन्याच्या घरात जाऊ शकते. गाडीवाले तर दंडाची पावती वा नुकसान निघेल म्हणून काही दिवस मुद्दाम थांबतात. डेबिट कार्ड दिले असेल, तर खात्यातली आपली रोकडच अडकते.

तेव्हा उतरतानाची स्लिप फेकू नये, आणि निघताना काउंटरवर एवढेच म्हणावे: “बिल अनामतीतूनच वळते करा; नवीन वसुली करणार असाल, तर आधी अनामत रद्द करून तिची स्लिप द्या.”