विमा कंपनीने 'आजार लपविला' म्हणून दावा नाकारला, तर?



घरचा कर्ता माणूस जातो, आणि काही महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र येते : "विमाधारकाने पूर्वीचा आजार लपविला, सबब दावा नामंजूर." सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक घरांत असे पत्र ट्रंकेत पडून राहते. पण ते पत्र म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. ते कंपनीचे म्हणणे आहे, आणि त्याला उत्तर देता येते.

पत्र हाती आल्यावर प्रथम दोन तारखा पाहा : विमा सुरू झाल्याची आणि मृत्यूची. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. आजार लपविल्याच्या कारणानेही नाही. मात्र इथे एक खाच आहे. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि ऊसबिल आल्यावर ती पुन्हा चालू केली, तर तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजतात. त्या वेळी प्रकृती चांगली असल्याचे लिहून घेतात, तेही तपासले जाते.

मृत्यू तीन वर्षांच्या आत झाला, तर कंपनी चौकशी करते. तिचा माणूस दवाखान्यात जाऊन केसपेपर काढतो. त्यावर "पाच वर्षांपासून मधुमेह" अशी एक ओळ असते. पुष्कळदा ती घाबरलेल्या नातेवाइकाने घाईत सांगितलेली असते. तेव्हा विचारा : पॉलिसीपूर्वीचे उपचाराचे कागद, तपासण्या, डॉक्टरांचे प्रमाणपत्र कोठे आहे? नुसत्या त्या ओळीवर कंपनीची बाजू लंगडी राहते.

दुसरा प्रश्न असा, की तो आजार महत्त्वाचा होता काय? लपविलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध हवा. ती कळली असती तर आपण पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवायचे असते. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कुटुंबाच्या आयुर्विमा महामंडळाविरुद्धच्या अपिलात असाच निर्णय दिला. विमाधारकाला कंबरेच्या मणक्याचा त्रास व सायटिका होती. ते सांगितले नव्हते. मृत्यू मात्र हृदयविकाराने झाला. मणक्याचा आजार जीवघेणा नव्हता आणि त्याने मृत्यूही झाला नव्हता, म्हणून दावा नाकारणे चूक ठरले.

पण प्रत्येक दावा असा जिंकता येत नाही. पंजाबमधील एका प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये पॉलिसी निघाली आणि महिन्याभरात विमाधारक वारला. त्याआधी रक्ताच्या उलट्या झाल्याची दवाखान्यात नोंद होती. ९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट सांगणे त्याचे कर्तव्य होते, असे ठरविले.

कंपनी 'फसवणूक' म्हणत असेल, तर विमाधारक हयात नसल्याने ती झाली नाही हे दाखविण्याचा भार कायद्याने वारसांवर येतो. अशा वेळी प्रस्तावपत्र कोणी भरले, एजंटाला आजार सांगितला होता काय, याचे साक्षीदार गोळा करा. फसवणूक न म्हणता केवळ चुकीची माहिती म्हणून दावा नाकारला असेल, तर भरलेले हप्ते तरी ९० दिवसांत परत मिळाले पाहिजेत.

आता वाट अशी. आधी कंपनीकडे लेखी मागणी करा : नाकारण्याची कारणे, ज्या कागदांवर ती आधारली ते कागद आणि प्रस्तावपत्राची प्रत. कारणे व आधार लेखी कळविणे तिला कायद्याने बंधनकारक आहे. मग तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून पोच घ्या.

तीस दिवसांत उत्तर न आले वा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. तेथे फी नाही व वकील लागत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा लोकपालाला अधिकार आहे. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; तुम्हाला तो पटला नाही, तर पुढची वाट खुली राहते.

ती पुढची वाट म्हणजे सोलापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तेथे मुदत दोन वर्षांची आहे. एकच तक्रार एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही, आणि लोकपालाकडे वेळ गेला तरी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीच लागतात. म्हणून नकाराचे पत्र मिळाले, की त्यावर मिळाल्याची तारीख घालून पाकीट जपून ठेवा. मुदतीचा वाद निघाला, तर तेच कामी येते.