जिमच्या एका फेरीची खरी किंमत

अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या हजेरीनोंदी स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी तपासल्या आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांतले साडेसात हजारांहून अधिक सभासद त्यात होते. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी महिन्यातून जेमतेम चार-साडेचार वेळा येत होते. म्हणजे एक फेरी त्यांना 17 डॉलरच्या वर पडत होती. त्याच क्लबांत दहा फेऱ्यांचा पास 100 डॉलरला, अर्थात फेरीला दहा डॉलरने मिळत होता!

ही माणसं हिशेबात कच्ची होती असं नाही. त्यांचा अंदाज चुकला होता तो स्वतःबद्दल. पाहणीत विचारलं तेव्हा सभासदांनी महिन्याला नऊ-साडेनऊ फेऱ्यांचा अंदाज सांगितला. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याही झाल्या नाहीत.

हेच गणित आपल्याकडच्या वार्षिक वर्गणीला लावून पाहावं. समजा, वर्षाची फी 14,000 रुपये, नोंदणी 1,000 आणि एका दिवसाचा दर 200. एकूण 15,000 ला 200 ने भागलं की 75 येतात. वर्षात 75 फेऱ्या झाल्या तर बरोबरी. आठवड्याला दीड फेरीसुद्धा नाही, हे ऐकून फी लगेच भरावीशी वाटते.

आता हजेरी पाहू. पहिले दोन महिने सोळा-सोळा फेऱ्या, पुढचे चार महिने सहा-सहा, नंतर पावसाळा, सणवार, कामाचा ताण आणि शून्य. एकूण 56. एक फेरी पडली सुमारे 268 रुपयांना. रोजच्या दराने 11,200 रुपयांत भागलं असतं.

फसगत होते ती दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. तेव्हा दोन महिन्यांच्या वाट्याचे 2,500 रुपये 32 फेऱ्यांत विभागले की फेरी 78 रुपयांची वाटते. पण पैसे वर्षाचे गेलेत, म्हणून भागायचं ते वर्षभराच्या हजेरीनं, आणि तीही मनातल्या आठवणीवरून नव्हे, तर बोटाच्या ठशाच्या यंत्रातल्या नोंदीवरून. गेल्या वर्षीची नोंद नसेल, तर आधी दोन-तीन महिने रोजच्या दरानं जाऊन ती तयार करता येते. दहा फेऱ्यांचा पास घेताना मुदत मात्र विचारावी. महिन्याभरात संपणाऱ्या पासच्या चारच फेऱ्या झाल्या, तर तोही महागच पडतो.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. दर वेळी 200 रुपये मोजावे लागले तर काहीजण जाणंच टाळतात, आणि फी आधीच भरलेली असेल तर पुढची फेरी त्यांना फुकटची वाटते. अशा माणसाची हजेरी वर्गणीमुळे खरोखरच वाढत असेल, तर रोजच्या दरानं झालेल्या फेऱ्या मोजून त्याच्या वार्षिक वर्गणीचा निकाल लावता येत नाही.