मातीवरचा राजा, गवतावरचा पाहुणा

राफेल नदालने फ्रेंच ओपन 14 वेळा जिंकली, विम्बल्डन मात्र दोनदाच. लाल मातीत चेंडू जास्त घासतो, मंदावतो आणि उंच उसळतो. गवतावर तो खाली राहून सटकतो. हार्ड कोर्ट साधारण या दोहोंच्या मधले. मग एकाच आकड्याने खेळाडूची ताकद कशी मोजायची?

म्हणून ईलो पद्धतीत प्रत्येक पृष्ठभागाचे वेगळे गुणांकन ठेवतात. समजा, ‘अ’चे एकूण गुण 2000 आणि ‘ब’चे 2100. एवढ्यावर ‘ब’ जिंकण्याची शक्यता 64 टक्के. पण मातीवरचे गुण ‘अ’ 2100, ‘ब’ 1900 असतील, तर पारडे फिरते: ‘अ’ला 76 टक्के!

इथे घाई नको. गवताचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. चार-पाच सामन्यांवर उभा आकडा एखाद्या नशिबाच्या विजयानेही फुगतो. त्यामुळे बरेच विश्लेषक दोन्ही गुणांची सरासरी घेतात. वरच्या उदाहरणात ती 2050 आणि 2000 येते, म्हणजे ‘अ’ला 57 टक्के. मला हाच अंदाज सर्वांत प्रामाणिक वाटतो.