निश्चेष्ट लॅपटॉप : दोन तपासण्या

शाळेतील लॅपटॉपची कळ दाबूनही दिवा लागत नसेल, तर तो निकामी झाला असे शिक्षकांनी लगेच ठरवू नये. पूर्वीच्या यंत्रातील बॅटरी बाहेर काढता येत असे. आता ती पुष्कळदा आत बंदिस्त असते. त्यामुळे वीजपुरवठा सांभाळणारा आतील नियंत्रक अडकला, तरी त्याला वीज मिळतच राहते व तो तसाच अडकून बसतो.

तो मोकळा करण्यासाठी प्रथम चार्जर व जोडलेली सर्व उपकरणे काढावीत. चालू करण्याची कळ सलग 30 सेकंद दाबून धरावी व सोडावी. नंतर चार्जर थेट भिंतीवरील प्लगात लावून अर्धा तास थांबावे आणि कळ पुन्हा दाबावी. साठविलेले काम याने पुसले जात नाही.

तरीही यंत्र जागे न झाल्यास चार्जरवरील OUTPUT ही ओळ वाचावी. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. यंत्रास 20 व्होल्ट व 3.25 अँपिअर, म्हणजे 65 वॅट लागत असतील, तर मोबाइलचा 5 व्होल्ट व 2 अँपिअरचा चार्जर 10 वॅटच देतो. टोक सारखे असल्याने तो बसतो. परंतु पूर्ण उतरलेली बॅटरी त्याने बहुधा उठत नाही. म्हणून मूळ चार्जरच लावून पाहावा.

खारदांड्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत खाऱ्या हवेने चार्जरच्या खाचेत हिरवट थर चढू शकतो, तोही पाहावा. तो दिसल्यास, किंवा यंत्राचा तळ फुगला असल्यास, चार्जर लावू नये. यंत्र न उघडता दुरुस्तीस द्यावे.