महिन्याची यादी पुन्हा आली का?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याच्या दुकानात याद्या येतात. पूर्वी त्या वहीच्या फाटक्या पानावर यायच्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तूरडाळ दोन किलो, साखर तीन, गोडेतेल पाच लिटर, पोहे जाडे. सगळ्या महिन्याच्या धंद्याचा कणा याच याद्या असतात, आणि हातातून निसटतातही त्याच. गिऱ्हाईक दुकान सोडतं तेव्हा भांडून जात नाही. ब्रेड, कोथिंबीर, काडेपेटी न्यायला येतच राहतं. फक्त यादी दुसरीकडे जाते, आणि दुकानदाराच्या ते चार-सहा महिने लक्षातही येत नाही.

डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ साली उघडलं. आता त्यात दहा-पंधरा मिनिटांत घरपोच माल आणणाऱ्या अ‍ॅपची भर पडली आहे. यावर गल्लीतल्या दुकानदाराला पहिली सुचते ती सवलत: ‘सगळ्या खरेदीवर दोन टक्के परत.’ ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून आधी हिशेब मांडलेला बरा.

उदाहरणासाठी मध्यमवर्गीय वस्तीतलं एक दुकान धरू. विक्री महिन्याला सहा लाख. तेल-साखरेवर जेमतेम दोन-चार टक्के सुटतात, सुट्या डाळी, रवा, मसाल्यावर त्याहून बरंच जास्त. सरासरी दहा टक्के धरली तर हाती साठ हजार येतात. त्यातून भाडं, वीज, दोन पोरांचे पगार मिळून छत्तीस हजार गेले की मालकाला चोवीस हजार उरतात. सहा लाखांवर दोन टक्के म्हणजे बारा हजार. दुकानदाराने आपली निम्मी मिळकत वाटून टाकली, आणि त्यातली बहुतेक अशांना, जे एरवीही आलेच असते.

इथेच बहुतेक योजना फसतात. बक्षीस सवयीने येणाऱ्याला द्यायचं नसतं, बदललेल्या सवयीला द्यायचं असतं. त्यासाठी आधीची सवय माहीत हवी. दुकानदाराने छापखान्यात जाण्याआधी तीन महिने नुसती एक वही ठेवावी: कोणत्या घराची यादी आली, किती रुपयांची, पुढच्या महिन्यात पुन्हा आली का. दीड हजारांच्या वरची खरेदी एकदम झाली तरच ती ‘यादी’ धरायची, नाहीतर सुटी खरेदी मिसळते आणि आकडा उगाच गोंडस दिसतो.

समजा आपल्या दुकानात महिन्याला १२० याद्या येतात, सरासरी तीन हजारांच्या. त्यातली ९० घरं पुढच्या महिन्यात परत यादी देतात, म्हणजे शंभरात ७५. गळालेल्या तीस घरांच्या जागी नवी किंवा फिरून आलेली तीस घरं येतात, म्हणून गल्ला तेवढाच दिसतो आणि गळती झाकून जाते. हेच ७५ चं प्रमाण ८२ वर नेलं आणि टिकवलं, तर पहिल्या महिन्यात जेमतेम आठ याद्या वाढतात. पण दर महिन्याची राखलेली घरं पुढच्या महिन्यात मोजली जातात, आणि सहाव्या महिन्याला याद्या दीडशेच्या आसपास पोचतात. सहा महिन्यांत मिळून साधारण १३० जादा याद्या. प्रत्येकीमागे तीनशे रुपये सुटतात असं धरलं, तर एकोणचाळीस हजार. वस्तीत घरं किती आहेत, याची मर्यादा या वाढीला अर्थातच आहे.

आता खर्च. सलग तीन महिने यादी दिली की अर्धा किलो शेंगदाणे भेट, असं ठरवू. घाऊक भावाने साठ रुपये, म्हणजे एका यादीमागे वीस. रोख सूट देण्यापेक्षा असा माल बरा: दुकानदाराला तो घाऊक भावात पडतो, गिऱ्हाइकाला किरकोळ भावाचा वाटतो. सहा महिन्यांच्या साडेआठशे याद्यांवर फार तर सतरा हजार, कार्डं छापायला हजारभर. मधेच खंड पडलेल्यांना भेट द्यावी लागत नाही, म्हणून प्रत्यक्षात खर्च कमीच होतो. हाच हिशेब उलटा केला तर कळतं, की प्रमाण ७८ पर्यंत गेलं तर योजनेचा खर्च जेमतेम निघतो. ७७ वर थांबलं तर खिशाला चाट. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहावेत: आज ७५, बरोबरी ७८, लक्ष्य ८२.

कार्ड कसं छापावं, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर द्रेझ या संशोधकांनी एका कार धुण्याच्या केंद्रावर तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं दिली. निम्म्या कार्डांवर आठ रिकामे चौकोन होते, निम्म्यांवर दहा, त्यातल्या दोनांवर आधीच शिक्के. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वाण्याने यातून एवढंच घ्यावं: तीन चौकोनांऐवजी चार छापावेत आणि कार्ड देतानाच पहिल्यावर शिक्का मारावा. खर्च एका पैशाने वाढत नाही.

पण शेंगदाण्यांनी सगळी गळती थांबत नाही. दहा तारखेपर्यंत यादी आली नाही, तर त्या घरी एक फोन करावा. ‘काकू, या महिन्याची यादी राहिली का? मागच्या वेळी काही कमी-जास्त झालं का?’ एवढंच, माल गळ्यात मारायचा नाही. उत्तरं बहुधा ठरलेली असतात. तांदूळ जुना निघाला, सामान संध्याकाळी सांगितलं आणि दुसऱ्या दुपारी आलं. किंवा तीस जिनसांच्या यादीतल्या चार मिळाल्या नाहीत, त्या चारांसाठी काकू मॉलमध्ये गेल्या आणि उरलेल्या सव्वीसही तिथूनच घेऊन आल्या. म्हणून गल्ल्याशेजारी नसलेल्या मालाची वेगळी वही असावी, आणि तीनदा मागितलेली वस्तू आणून ठेवावी. भेटीपेक्षा हे स्वस्त पडतं.

उधारीचं कोडं मात्र वेगळं आहे. वाण्याने गिऱ्हाईक बांधून ठेवलं ते पिढ्यान्‌पिढ्या उधारीवरच, पण बाकी फुगली की तेच गिऱ्हाईक तोंड चुकवून पलीकडच्या गल्लीतून जातं. अशा घराला फोन गेला तर तो वसुलीचाच वाटतो. त्यांच्याशी आधी हप्त्यांची बोली करावी, मगच कार्ड द्यावं.

आणि दिवाळीच्या महिन्याला भुलू नये. तेव्हा यादी प्रत्येकाचीच वाढते, मे महिन्यात अर्धी वस्ती गावी जाते. योजनेचा परिणाम वेगळा ओळखण्यासाठी कार्डं आधी एकाच गल्लीत वाटावीत आणि दुसऱ्या गल्लीत तीन महिन्यांनी. एकाच इमारतीत काहींना देऊन काहींना वगळलं तर जिन्यातच बोभाटा होतो. कार्डवाल्या गल्लीचं प्रमाण दुसऱ्या गल्लीपेक्षा तीन अंकांनीही वर गेलं नाही, तर दुसऱ्या गल्लीत कार्ड वाटू नये. आधी दिलेल्या कार्डांची भेट शब्दाप्रमाणे पुरी करावी, योजना बंद करावी, आणि वाचलेल्या पैशांत सामान पोचवायला संध्याकाळपुरता एक पोऱ्या ठेवावा.